गॅस आत सोडण्यापूर्वी: हायड्रोजन युनिटच्या स्टार्ट-अपची तयारी

रिफायनरीतलं हायड्रोजन युनिट शटडाउननंतर परत चालू करायचं असेल तेव्हा तयारी वाफेपासून सुरू करा, गॅसपासून नव्हे. रिफॉर्मरमध्ये मिथेन आणि वाफ निकेलच्या कॅटलिस्टवर भेटतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होतात: CH4 + H2O → CO + 3H2. ही प्रक्रिया उष्णता खाते, म्हणून कॅटलिस्ट भरलेल्या नळ्या बाहेरून बर्नरनी तापवाव्या लागतात. पुढे शिफ्ट कन्व्हर्टरमध्ये CO + H2O → CO2 + H2 होतं, तिथे मात्र उष्णता बाहेर पडते. दोन्हीकडे वाफ लागते, आणि ती कमी पडली तर दोन्ही कॅटलिस्ट बिघडतात.

आधी गुणोत्तराचा हिशेब कागदावर मांडा. ताशी 100 किलोमोल मिथेन घेणार असाल आणि वाफ-कार्बन गुणोत्तर 3 ठेवायचं असेल, तर वाफ 300 किलोमोल, म्हणजे ताशी साधारण 5.4 टन लागेल. आता गॅसचा ताजा लॅब रिपोर्ट मागवा. इथेच बहुतेकांची गफलत होते. इथेनच्या एका रेणूत कार्बनचे दोन अणू असतात. गॅसमध्ये 10 टक्के इथेन आलं तर तेवढ्याच 100 किलोमोलमध्ये कार्बन 110 होतो आणि गुणोत्तर 2.7 वर उतरतं. स्क्रीनवर मात्र 3 च दिसत राहतं, कारण तिथे जुनाच कार्बन नंबर भरलेला असतो. तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर गंधक. निकेलला गंधक अजिबात चालत नाही, म्हणून झिंक ऑक्साइडच्या बेडनंतरचा नमुना घ्या, गंधक 0.1 पीपीएमच्या खाली हवं. बेड 350 अंशांच्या आसपास तापलेला नसेल तर तो नीट काम करत नाही, त्यामुळे नमुन्याबरोबर तापमानही बघून घ्या.

नायट्रोजन फिरवत यंत्रणा हळूहळू तापवा. वाफ सोडण्याआधी शिफ्टच्या बेडमधला सगळ्यात थंड बिंदू शोधा. 10 बारला वाफ 180 अंशांना पाणी होते. बेडचा खालचा थर 160 वर असेल तर कॅटलिस्टच्या गोळ्या भिजतील, फुटतील आणि प्रेशर ड्रॉप कायमचा वाढेल. सरासरी तापमानावर भरवसा ठेवू नका. वाफेच्या लाइनमधलं साचलेलं पाणीही आधी काढून टाका.

फीड ट्रिपची, म्हणजे गडबड झाली की गॅस आपोआप तोडणाऱ्या व्यवस्थेची, चाचणी स्वतः उभं राहून घ्या. ट्रिप झाली की गॅस बंद व्हायला हवा आणि वाफ चालू राहायला हवी. पहिला गॅस थोडाच सोडा, गुणोत्तर 5 च्या वर ठेवा. लोड वाढवताना आधी वाफ, मग गॅस. कमी करताना आधी गॅस, मग वाफ. ही सवय पॅनलवरच्या प्रत्येकाला असली पाहिजे.

गॅस गेला की भट्टीच्या खिडकीतून नळ्या बघायला माणूस ठेवा. निरोगी नळी खालपर्यंत एकसारखी दिसते. मधेच उजळ केशरी पट्टा उठला तर तिथे काजळी धरली आहे किंवा कॅटलिस्ट मेलेलं आहे असं समजा. तिथे उष्णता खाणारी प्रक्रियाच थांबलेली असते, म्हणून नळीचा तेवढा भाग तापतो. नळीचं तापमान मर्यादेपेक्षा नुसतं 20 अंश जास्त राहिलं तरी तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून पट्टा दिसला की फायरिंग वाढवून काम रेटू नका.

पूर्ण लोडवर काय दिसायला हवं, तेही आधीच लिहून ठेवा. 850 अंश, 25 बार आणि गुणोत्तर 3 असताना समतोलाच्या हिशेबाने 100 पैकी 80 मिथेन मोडतं. रिफॉर्मरमधून बाहेर पडताना 50 च्या आसपास CO, 30 CO2 आणि 270 हायड्रोजन मिळतो. CO2 इथेच दिसतो, कारण शिफ्टची प्रक्रिया थोडी रिफॉर्मरमध्येही होते. पण ती इतक्या तापमानाला पुढे सरकत नाही, म्हणून वायू 350 अंशांपर्यंत थंड करून लोह-क्रोमच्या कॅटलिस्टवर नेतात. तिथे CO 50 वरून 13 वर येतो, हायड्रोजन 307 होतो आणि बेडचं तापमान 75 अंशांच्या आसपास चढतं. चढ 40 वरच अडकला, तर कॅटलिस्ट थकलं आहे किंवा इनलेट फार थंड आहे. शिफ्टमधून निघताना मिथेनचं प्रमाण आत जातानापेक्षा वाढलेलं दिसलं, तर वाफ कमी पडून आयर्न ऑक्साइडचं धातूरूप लोह बनू लागलंय, आणि ते मिथेन तयार करतंय. अशा वेळी लगेच वाफ वाढवा.

शिफ्टनंतरच्या कोरड्या नमुन्यात CO 3 टक्क्यांच्या जवळ स्थिरावेपर्यंत वायू फ्लेअरला जळायला जाऊ द्या, मग हायड्रोजन शुद्ध करणाऱ्या पीएसएकडे वळवा. पीएसएचा टेल गॅस, म्हणजे हायड्रोजन काढून उरलेला वायू, बर्नरकडे परत येऊ लागला की भट्टीतला बाहेरचा इंधनवायू त्याच हिशेबाने कमी करायचा, आणि खिडकीवरचा माणूस तोवर हलवायचा नाही.