ब्रीफमध्ये कीवर्ड आहे, पण वाचकाचा प्रश्न कुठंय?

नाशिकमध्ये बसून कंटेंट लिहायला लागलात की द्राक्षाचं काम कधी ना कधी येणारच. मला आलेला एक ब्रीफ सांगते. कीवर्ड: द्राक्ष छाटणी. ऑडियन्स: महाराष्ट्रातले द्राक्ष बागायतदार. सोर्सेस: गुगलवरचे टॉप पाच लेख. टोन: सोपा, मित्रासारखा. शब्द १२००, आणि लेख ऑगस्टअखेर लाइव्ह करायचा. बघायला सगळे रकाने भरलेले, म्हणून नवीन माणूस लगेच लिहायला बसतो. तिथेच थांबा.

आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. माल काढून झाला की एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, त्यातून नवीन काडी तयार होते आणि पुढच्या हंगामाचे घड त्या काडीच्या डोळ्यातच ठरतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजे आपली गोडी छाटणी, तिच्यातून प्रत्यक्ष घड बाहेर येतात. एप्रिलमध्ये शेतकऱ्याला शेंडा खुडून सबकेन कधी करू, काडी पिकेल का ही चिंता, आणि ऑक्टोबरमध्ये कितव्या डोळ्यावर कापू, डोळे फुटायची पेस्ट कधी लावू, पाऊस आला तर डावणी रोगाचं काय. शोधताना मात्र दोघंही टाइप करतात 'द्राक्ष छाटणी'. मी दोन्ही छाटण्यांवर निम्मं निम्मं लिहून दिलं कारण ब्रीफमध्ये दुसरं काहीच नव्हतं, आणि उत्तर आलं, "फोकस नाहीये, क्लायंटचं प्रॉडक्ट फळछाटणीनंतर वापरायचं आहे." हे आधी का नाही सांगितलं? सगळं परत लिहावं लागलं, तेही फुकटात, आणि त्याचा राग मला अजून आहे.

हे आधी कसं ओळखायचं ते नीट सांगते, कारण सगळा खेळ इथेच आहे. कीवर्ड इनकॉग्निटोमध्ये टाका आणि पहिलं पान शांतपणे वाचा. एक लेख एप्रिलचा, एक ऑक्टोबरचा, मध्येच कात्री चालवायचा व्हिडिओ अशी खिचडी दिसली की समजा कीवर्डमागचा प्रश्न ठरलेलाच नाही. मग गुगल ट्रेंड्सवर वर्षाचा आलेख बघा. ब्रीफ बनवणाऱ्या स्ट्रॅटेजिस्टकडे टूलमधून शोधांचा जो आकडा येतो तो बहुतेक वेळा बारा महिन्यांची सरासरी असते, त्यात हंगाम दिसतच नाही. आणि शेवटी लाइव्ह करायची तारीख बघा. ऑगस्टअखेर म्हणजे फळछाटणीच्या तोंडावर, म्हणजे कागदावर न लिहिलेलं उत्तर तारखेत होतं. पण तेवढ्यावर लिहू नका, विचारून घ्या.

ऑडियन्सचंही तसंच. निफाड-दिंडोरीचा एक्स्पोर्टवाला आणि लोकल मार्केटला माल देणारा हे दोन वेगळे वाचक आहेत. एक्स्पोर्टवाल्याला औषधाच्या नावाबरोबर रेसिड्यू म्हणजे मालात उरणारा औषधाचा अंश आणि शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस लागतात, नाहीतर तो दुसऱ्या परिच्छेदात निघून जातो.

सोर्सेसवर मी हट्टी आहे. टॉप पाच लेख हा सोर्स नाही, बऱ्याचदा ते एकमेकांवरूनच उतरवलेले असतात. छाटणीनंतर डोळे फुटायला जे हायड्रोजन सायनामाइड लावतात त्याचं प्रमाण कुठल्यातरी ब्लॉगवरून उचललंत तर कोणीतरी खरंच तेवढं लावेल, आणि ते विषारी आहे. प्रमाण घ्यायचं ते लेबलवरून किंवा पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यातून, आणि एक्स्पोर्टचा विषय असेल तर अनेक्शर ५, म्हणजे एक्स्पोर्टच्या द्राक्षाला चालणाऱ्या औषधांची चालू हंगामाची यादी, जुनी पीडीएफ नको, ती बदलत असते. ब्रीफमध्ये हे नसेल तर तुम्हीच सुचवा, चांगला स्ट्रॅटेजिस्ट खूश होतो.

टोनचं फार टेन्शन घेऊ नका. त्यांना आवडलेल्या एका लेखाची लिंक मागा, आणि 'डाऊनी मिल्ड्यू' लिहायचं की 'डावणी' एवढं विचारा. बागेत डावणीच म्हणतात.

ब्रीफचे टेम्प्लेट विकणारे कोर्स सध्या बरेच आहेत, माझं मत विचाराल तर पैसे घालवू नका. रकाने सगळ्यांकडे असतात, त्यात काय भरलंय ते तपासायला कोणी शिकवत नाही. त्यापेक्षा पिंपळगावच्या एखाद्या बागायतदाराशी अर्धा तास बोला.

प्रश्न विचारले तर काम जाईल अशी भीती वाटते, मलाही वाटायची. माझं तरी एकही काम त्यामुळे गेलं नाही. आता मी ब्रीफ आला की त्याच दिवशी एवढाच मेल टाकते: "सर, हा लेख फळछाटणीवर, एक्स्पोर्ट करणाऱ्या बागायतदारासाठी धरतेय. वाचून झाल्यावर त्याला छाटणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात काय करायचं ते कळेल. खरड छाटणी यात नसेल. प्रमाणं लेबल आणि मांजरीच्या सल्ल्यातून घेईन. चालेल ना? यानंतर विषय बदलला तर ते नवीन काम धरू." लेखी होकार आल्याशिवाय पहिली ओळ लिहीत नाही. उत्तर बहुतेक वेळा दोन शब्दांचं येतं, आणि पुढे रिव्हिजनवरून वाद झाला तर तोच मेल पुढे करते.