कन्सोल टेबलावरचा दिवा मधोमध नको

पॅसेजमधलं टेबल ९० सेंटिमीटर लांब असेल तर वर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आरसा, टेबलापासून वीतभर उंच लावा. दिवा मधोमध ठेवला की आरशाचा उपयोगच जातो. तो प्लगच्या बाजूला ठेवा, शेडची कड आरशासमोर किंचित येईल असा; मग उजेड आरशातून परतून अंधारा पॅसेज छान उजळतो.

आता समोर उभं राहून पाहा. दिवा बुटका असेल तर शेडच्या वरच्या तोंडातून बल्ब थेट डोळ्यांत खुपतो, आरशातूनही. अशा वेळी दुधी काचेचा, पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब लावा.

दुसऱ्या टोकाला किल्ल्यांसाठी काठ असलेला छोटा ट्रे. मधली जागा मोकळीच राहू द्या.