ड्रिफ्टसाठी हँडब्रेक आणि सिक्वेन्शियल शिफ्टर जोडताना

असेटो कोर्सामध्ये हँडब्रेक बटण म्हणून नव्हे, अ‍ॅक्सिस म्हणूनच जोडा. बटणाने ब्रेक एकतर पूर्ण लागतो, नाहीतर सुटतो. ड्रिफ्टमध्ये कोन थोडासाच वाढवायचा असेल तर अर्धवट ओढ लागते.

आधी विंडोजमध्ये `joy.cpl` चालवून यूएसबी हँडब्रेकची हालचाल पाहा. समजा, लिव्हर मोकळा असताना आकडा 2 ते 3 टक्क्यांमध्ये थरथरतो आणि जोरात ओढल्यावर 92 वर थांबतो. मग सुरुवातीचा डेडझोन 5 टक्के ठेवा. हा शून्य ठेवला तर मागचे ब्रेक सतत किंचित घासतात आणि सरळ रस्त्यावर गाडी विनाकारण जड वाटते, पण कारण पटकन लक्षात येत नाही. उलट 15 टक्के ठेवला तर सुरुवातीची ओढ वाया जाते. वरची मर्यादा 85 ठेवा, म्हणजे घाईत हात पूर्ण पोहोचला नाही तरी मागची चाकं लॉक होतील. कॅलिब्रेशन विंडोज किंवा गेम, एकाच ठिकाणी करा. दोन्हीकडे केलं तर डेडझोन एकावर एक चढतात.

शिफ्टरची दोन बटणं मात्र सोपी: मागे ओढल्यावर वरचा गिअर, पुढे ढकलल्यावर खालचा. वेग घेताना शरीर मागे दाबलं जातं, म्हणून ही दिशा हाताला सोयीची पडते. एका झटक्यात दोन गिअर पडत असतील तर आधी `joy.cpl` मध्ये बटण दोनदा लुकलुकतंय का पाहा. तसं असेल तर दोष सेटिंगमध्ये नाही, मायक्रोस्विचमध्ये आहे.