पेटंट एजंट परीक्षा: नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्या विज्ञान पदवीधरांनी या चुका टाळाव्यात

पेटंट एजंट म्हणजे अर्जदारांच्या वतीने पेटंट कार्यालयापुढे काम करणारी नोंदणीकृत व्यक्ती. त्यासाठीच्या भारतातील परीक्षेत विज्ञानाचे पदवीधर अडखळतात ते बहुधा विज्ञानामुळे नव्हे. पात्रतेचा चुकीचा समज, जुन्या पुस्तकांवरचा भरवसा आणि दुसऱ्या पेपरात शोधनिबंधाच्या सवयीने लिहिणे, अशा ठिकाणी त्यांचे गुण जातात. नोकरी करणाऱ्याकडे वेळ मोजकाच असल्याने या चुका त्याला अधिक महाग पडतात.

पात्रतेबाबतचे गैरसमज

पेटंट कायदा, 1970 च्या कलम 126 नुसार उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याने वयाची 21 वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि त्याच्याकडे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान या शाखेची, भारतातील कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी किंवा केंद्र सरकारने मान्य केलेली समकक्ष अर्हता असावी. यासाठी साधी बी.एस्सी. पुरते, पदव्युत्तर पदवीची, पेटंट क्षेत्रातील अनुभवाची किंवा एखाद्या पदविका अभ्यासक्रमाची अट कायद्यात नाही. तरीही अनेकजण आधी बौद्धिक संपदेची पदविका पूर्ण करू आणि मग परीक्षेकडे वळू, असे ठरवून एक-दोन वर्षे घालवतात.

उलट दिशेची चूकही तितकीच सर्रास होते. केवळ कायद्याच्या पदवीवर ही परीक्षा देता येत नाही. वकिलांना पूर्वी असलेली वेगळी वाट 2005 च्या दुरुस्तीने बंद झाली, त्यामुळे वाणिज्य किंवा कला शाखेतून एलएल.बी. झालेली व्यक्ती विज्ञानाच्या पदवीशिवाय पात्र ठरत नाही.

जुन्या साहित्यावरून मुदती पाठ करणे

पहिला पेपर कायदा आणि नियमांचा असतो आणि त्यात मुदतींना मोठे महत्त्व आहे. नोकरदार उमेदवार सहसा एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या टिपणांवर किंवा हाती आलेल्या जुन्या पुस्तकावर विसंबतो. मात्र 15 मार्च 2024 पासून नियमांत मोठे बदल झाले आहेत. साहित्य जुने आहे की नाही, हे ओळखायला दोन खुणा पुरतात. अपिलासाठी बौद्धिक संपदा अपील मंडळाचे नाव दिसले, तर ते लेखन 2021 पूर्वीचे आहे, कारण ते मंडळ बरखास्त होऊन अपिले आता उच्च न्यायालयात जातात. आणि परीक्षणाच्या विनंतीसाठी सरसकट 48 महिने दिलेले असतील, तर ते मार्च 2024 पूर्वीचे आहे.

एक उदाहरण तारखांसह सोडवून पाहू. समजा, एका अर्जदाराने 12 जून 2024 रोजी तात्पुरत्या स्पेसिफिकेशनसह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक लेखी वर्णनासह, अर्ज दाखल केला आणि पूर्ण स्पेसिफिकेशन 5 जून 2025 रोजी दिले. कलम 9 नुसार पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी 12 महिने, म्हणजे 12 जून 2025 पर्यंतचा अवधी होता, त्यामुळे येथपर्यंत सारे ठीक आहे. आता नमुना 18 भरून परीक्षणाची विनंती कधीपर्यंत करायची, असा प्रश्न आला, तर तीन उत्तरे संभवतात. जुने पुस्तक वाचलेला उमेदवार पहिल्या अर्जापासून 48 महिने मोजून 12 जून 2028 लिहितो. नवा नियम माहीत असलेला पण घाई करणारा उमेदवार पूर्ण स्पेसिफिकेशनच्या तारखेपासून 31 महिने मोजतो आणि 5 जानेवारी 2028 वर येतो. बरोबर उत्तर 12 जानेवारी 2027 हे आहे, कारण नियम 24ब नुसार हे 31 महिने अग्रक्रम तारखेपासून किंवा अर्जाच्या तारखेपासून, यांतील जी आधी असेल तिच्यापासून, म्हणजे येथे 12 जून 2024 पासून, मोजायचे असतात. प्रकाशनासाठीचे 18 महिनेही याच रीतीने मोजले जातात आणि ते 12 डिसेंबर 2025 रोजी संपतात.

याच उदाहरणात अर्ज 15 मार्च 2024 पूर्वीचा असता, तर 48 महिन्यांची जुनी मुदतच लागू राहिली असती. म्हणजे जुना आकडा विसरून चालत नाही. तो कोणत्या अर्जांना लागू होतो, हे माहीत असावे लागते. शिवाय प्रत्येक मुदतीपुढे ती कायद्यातली आहे की नियमांतली, हे लिहून ठेवावे. कलम 9 मधील 12 महिने कायद्यातच असल्यामुळे, नियमांतील मुदतींना मिळू शकणारी नियम 138 ची मुदतवाढ त्यांना मिळत नाही आणि ते उलटून गेल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. प्रश्नातील फसवे पर्याय अनेकदा नेमक्या या फरकावर बेतलेले असतात.

दुसऱ्या पेपरात प्रयोगवहीसारखे दावे लिहिणे

दुसरा पेपर स्पेसिफिकेशनच्या लेखनाचा आणि अर्थ लावण्याचा असतो. त्यातील दावे म्हणजे नेमक्या कशावर संरक्षण मागितले आहे, हे सांगणारी वाक्ये. औषधनिर्मितीत काम करणाऱ्या एखाद्या उमेदवारापुढे अशी माहिती येते, असे समजू: ज्ञात वेदनाशामकाच्या गोळीवर नव्या पॉलिमरचा थर दिला असून त्यामुळे औषध जठरात न विरघळता आतड्यात सुटते. उमेदवार पहिला दावा ‘संधिवाताच्या उपचारासाठी या गोळीचा वापर’ असा लिहितो. हा दावा भारतात टिकत नाही, कारण उपचारपद्धती कलम 3(i) मुळे वगळलेल्या आहेत आणि नुसता ‘वापर’ हे ना उत्पादन, ना प्रक्रिया. दावा गोळीवर हवा, म्हणजे गाभ्यात काय आहे, थर कशाचा आहे आणि त्यांचे प्रमाण काय आहे, यावर. आणि ती बनवण्याच्या प्रक्रियेवर स्वतंत्र दावा हवा.

त्याच उमेदवाराची दुसरी सवय प्रयोगशाळेतली असते. 60 अंश तापमान आणि अमुक मिनिटे ढवळणे, हे सगळे तो प्रक्रियेच्या मुख्य दाव्यात भरतो. शोधनिबंधात ही अचूकता गुण मानली जाते, पण दाव्यात तिने संरक्षण आकुंचित होते आणि 70 अंशांवर तीच प्रक्रिया करणारा प्रतिस्पर्धी सहज निसटतो. असे तपशील मुख्य दाव्यावर आधारलेल्या आश्रित दाव्यांत घालावेत.

याचा सराव नोकरीतील अप्रकाशित संशोधनावर कधीही करू नये, कारण घरच्या वहीत लिहिलेला तपशीलही गोपनीयतेच्या कराराचा भंग ठरू शकतो. पेटंट कार्यालयाच्या InPASS या शोधप्रणालीवर आपल्या विषयातील मंजूर पेटंट निवडावे, दावे झाकून फक्त वर्णन वाचावे, स्वतः दावे लिहावेत आणि मग ताडून पाहावेत. तेथेच पहिला परीक्षण अहवाल आणि त्याला दिलेले उत्तरही वाचायला मिळते. कोणत्या शब्दावर आक्षेप आला आणि तो कसा बदलला, हे दिसणे मला कोणत्याही शिकवणीपेक्षा मोलाचे वाटते.

वेळापत्रक आणि गुणांचे गणित

ही परीक्षा दरवर्षी ठरावीक महिन्यात होत नाही. 2018 नंतरची परीक्षा थेट 2023 मध्ये झाली. सूचना निघाल्यावर अभ्यासाला बसू म्हणणाऱ्या नोकरदाराला रजा आणि अभ्यास दोन्ही एकदम जुळवावे लागतात. कलमे आणि तारखांची गणिते रोजच्या अर्ध्या-पाऊण तासात होतात. स्पेसिफिकेशन लिहिण्याला मात्र सलग बैठक लागते, म्हणून सुट्टीचा दिवस त्यासाठीच राखावा.

लेखी पेपर प्रत्येकी 100 गुणांचे आणि तोंडी परीक्षा 50 गुणांची असते. प्रत्येक लेखी पेपरात 50 टक्के मिळवले म्हणजे झाले, असे धरणारे फसतात, कारण एकूण 60 टक्के, म्हणजे 250 पैकी 150 गुण लागतात. दोन्ही पेपरांत मिळून 105 गुण असतील, तर तोंडीत 45 मिळवावे लागतील आणि ते फार अवघड आहे. लेखीचे लक्ष्य 125 च्या आसपास ठेवले, तर तोंडीत 25 पुरतात.

उत्तीर्ण झाल्यावरही आपोआप पेटंट एजंट होता येत नाही. नमुना 22 भरून, शुल्क देऊन नोंदवहीत नाव यावे लागते आणि त्यानंतरच कलम 127 नुसार पेटंट नियंत्रकापुढे काम करता येते. नोकरी चालू ठेवून बाहेरचे अर्ज हाताळायचे असतील, तर नियुक्तीपत्रातील अन्य व्यवसायाबाबतची अट नोंदणीचा अर्ज करण्याआधीच वाचून घ्यावी आणि गरज असल्यास लेखी परवानगी घ्यावी.