धुरकट झालेली, बोटांचे ठसे पडलेली सीडी-डीव्हीडी चरा न पाडता कशी पुसावी

बहुतेक डिस्क मळाने खराब होत नाहीत, पुसण्याने होतात. ठसा निघतो, चरा कायमचा राहतो. त्यामुळे शर्टाचे टोक, टिश्यू पेपर, वर्तमानपत्र आणि टूथपेस्ट आधी बाजूला ठेवा. टिश्यू आणि कागद लाकडाच्या लगद्याचे असतात आणि डिस्कच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर बारीक रेघा ओढतात. टूथपेस्टमध्ये तर घासणारी पूडच असते. तिचा उपयोग झालाच तर चऱ्यावर होईल, ठशावर नाही.

इथे उदाहरण घेऊ ते लग्नाच्या डीव्हीडीचे, कारण घरोघरी अडकलेली डिस्क बहुधा तीच असते. फोटोग्राफरने दिलेली, ४.७ जीबीची, एकेरी थराची डीव्हीडी-आर. मेनू उघडतो, विधी सुरू होतात, आणि मध्येच चित्राचे चौकोन होऊन सगळे थांबते.

पुसण्याआधी ठसा कुठे आहे ते शोधा. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. मेनूच उघडत नसेल, किंवा प्लेअर डिस्क ओळखतच नसेल, तर मळ आतल्या वर्तुळाजवळ, म्हणजे पारदर्शक गोलाला लागून असण्याची शक्यता जास्त. नेमकी जागा हवी असेल तर डिस्क कॉम्प्युटरला लावून `VIDEO_TS` फोल्डर कॉपी करून पाहा. त्यातल्या `VTS_01_1.VOB`, `VTS_01_2.VOB` अशा फाइल साधारण एकेक जीबीच्या असतात आणि ओळीने आतून बाहेर मांडलेल्या असतात. कॉपी `VTS_01_3.VOB` वर अडकली, तर भरलेल्या डिस्कवर ती जागा मध्यबिंदूपासून साधारण ४३ ते ५० मिलिमीटरवर येते, म्हणजे बाहेरच्या कडेपासून एक ते पावणेदोन सेंटिमीटर आत. डिस्क उचलताना अंगठा टेकतो तो नेमका इथेच.

आता डिस्क दिव्याखाली तिरकी धरा. ठसा तेलकट आणि इंद्रधनुषी दिसतो. धुरकटपणा पुसून जाणारा आहे की नाही हे कळण्यासाठी हलका श्वास सोडा: वाफ काही ठिकाणी वेगळी बसली, डाग उठून दिसले, तर वर थर आहे आणि तो निघेल. वाफ सगळीकडे सारखी बसून सारखीच उडाली आणि धुरकटपणा तसाच राहिला, तर ते बारीक चरे किंवा आतला बिघाड आहे. वाफेच्या ओलीवर कापड मात्र फिरवू नका.

डिस्क उजेडासमोर धरून आरपार बारीक छिद्रे दिसली, किंवा कडेकडून तपकिरी छटा आत सरकलेली दिसली, तर आतला परावर्तक थर गेला आहे. तिथे कितीही पुसले तरी माहिती परत येत नाही.

पुढची पायरी लोक गाळतात, आणि चरे तिथेच पडतात: कापड लावण्याआधी धूळ काढणे. धुळीत रेतीचे कण असतात. कापड फिरले की ते कण डिस्कवर ओढले जातात. कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने वाचायच्या बाजूवर हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब पडतात. डिस्कच्या वरच्या बाजूला फोटो छापलेला किंवा स्टिकर लावलेला नसेल, तर तिला नळाच्या बारीक धारेखाली काही सेकंद तिरकी धरली तरी चालते. पण लग्नाच्या डीव्हीडीवर बहुधा नवरा-नवरीचा रंगीत फोटो छापलेला असतो. ती शाई पाण्याने पसरते आणि स्टिकर फुगून डिस्कचा तोल बिघडवतो. अशा डिस्कला धार नको, फक्त ब्लोअर आणि ओलसर कापड. पाण्यात बुडवून ठेवायची तर कोणतीच डिस्क नाही. डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून बनते आणि कडेच्या जोडातून ओल आत शिरू शकते.

पाणी डिस्टिल्ड घ्या. पेट्रोल पंपावर बॅटरीचे म्हणून मिळते ते चालेल. बोअरचे पाणी वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. कपभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब पुरतो. हट्टी तेलकट ठशाला मेडिकलमध्ये मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पण कापडावर घ्या आणि छापलेल्या बाजूला लागू देऊ नका. सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही, त्यातले ग्लिसरिन नवा थर ठेवते. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर आणि पेट्रोल पॉलिकार्बोनेट पांढरे पाडतात, आणि ते पुन्हा पारदर्शक होत नाही. अमोनियाचा काचक्लीनरही दूर ठेवा.

आता पुसणे. डिस्क टेबलावर ठेवून पुसू नका, खालची बाजू घासते. एक बोट मधल्या भोकात आणि अंगठा कडेला, अशी हातात धरा. चष्मा पुसायचे मायक्रोफायबर कापड घ्या, धुतलेले, पण फॅब्रिक कंडिशनर न लावलेले. त्याची चौपदरी घडी करून कोपरा ओलसर करा, ठिबकणारा नको. मग भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत एक ओढ द्या, कापड उचला, डिस्क थोडी फिरवा, पुन्हा भोकाकडून सुरू करा. मागे-पुढे घासायचे नाही, आणि गोल तर अजिबात नाही.

गोल का नाही, ते समजले तर हात आपोआप सरळ जातो. माहिती डिस्कवर सर्पिलाकार रेषेत कोरलेली असते. वाचताना थोडा भाग गेला तर प्लेअर बाकीच्यावरून तो भरून काढतो, पण याला मर्यादा आहे: सीडीवर सलग साधारण अडीच मिलिमीटरपर्यंत. आतून बाहेर जाणारा चरा प्रत्येक फेऱ्याला आडवा जातो आणि आपल्या जाडीएवढाच भाग अडवतो, मिलिमीटरचा छोटासा अंश. गोल चरा मात्र फेऱ्याच्या बाजूने धावतो आणि तोच फेरा सेंटिमीटरभर झाकतो. तेवढे भरून काढणे प्लेअरला जमत नाही. म्हणून चुकून चरा पडलाच, तर तो सरळ पडावा.

ठशावर जोर लावायचा मोह होतो, तो टाळा. ओलसर कोपरा ठशावर दहा सेकंद नुसता टेकवून ठेवा, तेल सुटते. मग सरळ ओढ. प्रत्येक दोन-तीन ओढींनंतर घडी उलटून कापडाची नवी जागा घ्या, नाहीतर एका ठिकाणचे तेल दुसरीकडे पसरते. डिस्क पुसूनही धुरकटच राहण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. साबण वापरला असेल तर शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या कापडाने पुन्हा तशाच ओढी द्या.

कोरड्या कापडाने टिपून घ्या आणि डिस्क सावलीत पंधरा मिनिटे उभी ठेवा. उन्हात नको, डीव्हीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर उन्हाने बिघडतो. ओली डिस्क ड्राइव्हमध्ये घातली तर ती वेगाने फिरताना थेंब लेन्सवर उडतात.

मग पुन्हा `VTS_01_3.VOB` कॉपी करून पाहा. पुढे सरकली तर डिस्क परत कपाटात ठेवण्याआधी सगळे फोल्डर हार्डडिस्कवर उतरवून घ्या. त्याच जागी अडकली तर आणखी एकदाच पुसा, आणि तरीही नाही जमले तर दुसरा ड्राइव्ह वापरून बघा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा कित्येकदा वाचतो. तिसऱ्यांदा पुसू नका.