ट्रॅप गरम आहे, म्हणून ठीक आहे असं समजू नका

स्टीम ट्रॅपचं काम लाइनमधलं पाणी (कंडेन्सेट) आणि हवा बाहेर सोडायची, वाफ मात्र अडवायची. तो दोन तऱ्हांनी बिघडतो. बंद अवस्थेत अडकला तर ओळखणं सोपं: ट्रॅप थंड पडतो. आधी त्याच्या आधीचा स्ट्रेनर साफ करून बघा, बरेचदा गंजाचा कचराच असतो. पण दुर्लक्ष करू नका. मेन लाइनमध्ये पाणी साचलं की वाफ ते ढकलत नेते आणि बेंडवर, व्हॉल्व्हवर आदळवते. पाइपमधली ती 'धाडधाड' म्हणजे वॉटर हॅमर. त्याने गॅस्केट, कधी व्हॉल्व्हसुद्धा फुटतो.

उघडा अडकलेला ट्रॅप जास्त फसवा. तो गरमच असतो, काम चालू राहतं, फक्त वाफ निसटत राहते आणि बॉयलरचं इंधन फुकट जळत राहतं. टेंपरेचर गनने इथे काही कळत नाही.

कान लावा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर, मूठ कानाशी. डिस्कचा (थर्मोडायनॅमिक) ट्रॅप चांगला असेल तर थांबून थांबून 'टक' करतो. सतत खडखड किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर डिस्क झिजली.

ट्रॅपचं बाहेर सोडणारं तोंड उघड्यावर असेल तर नुसती वाफ दिसली म्हणून ट्रॅप बदलू नका. ७ बारचं कंडेन्सेट बाहेर पडताच त्यातलं सुमारे १३ टक्के पाणी आपोआप वाफ होतं. ही वाफ ढगाळ असते, पाण्याबरोबर येते. तोंडाशी थोडं अंतर पारदर्शक राहून मग पांढरा झोत जोरात, न थांबता सुटत असेल, तर ती बॉयलरची वाफ. तिथे हात नेऊ नका.