'आपण' काढलं, 'तुम्ही' ठेवलं

आमच्या यवतमाळकडच्या कपाशीवाल्यांसाठी बोंडअळीवर लिहितो मी, वाचणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले, बायाही बऱ्याच. कच्च्या मजकुरात होतं, 'आपण एकरी २ कामगंध सापळे लावावेत'. शेजारच्या काकांना वाचून दाखवलं तर म्हणे, "काऊन बाप्पा, तू येतं का लावाले?" बरोबरच हाय, 'आपण' म्हणजे मानाचं तुम्ही का आपण सगळे मिळून, हे वाक्यातून कळतच नाही, अन् 'लावावेत' तर सरकारी पत्रकच वाटते.

मग बदललं: 'एकरी २ सापळे लावा. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असे सलग ३ दिवस दिसले तर फवारणीचं बघा.' सल्ला असला की 'तुम्ही' अन् 'करा', 'आपण' फक्त खरंच सगळ्यांनी मिळून करायचं असलं तर, जसं 'आपण सगळे फरदड मोडू'.

'शेतकरी बंधूंनो' काढून टाकलं, बाया वाचतात ना. 'तू' मित्राले चालते, पण मोठ्या माणसाले छापून आलेलं 'तू' खटकतेच. वऱ्हाडी 'लावजा' गोड लागते, पण मी ते सुरुवातीच्या गप्पांतच ठेवतो, औषधाच्या मापाजवळ साधं 'टाका', 'मोजा'. शेवटी सगळी क्रियापदं एकदा बघून घेतो, मध्येच 'करावे' घुसलं की लगेच दिसते.